मशीन विलगीकरणात, गार्ड गेटवर

"गार्ड जागेवर असल्याशिवाय यंत्र कार्यान्वित करू नये." एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये हे वाक्य लाल अक्षरांत भिंतीवर लावलेलं होतं. तिथे वीसेक वर्षं काम केलेल्या एका ऑपरेटरना मी विचारलं, "मामा, याचा अर्थ काय घेता तुम्ही?" त्यांनी गेटकडे मान वळवली. "गार्ड तर गेटवर असतो मॅडम. तो इथे कधी यायचा?"

ते चेष्टा करत नव्हते. बोलताना त्यांनी ज्या लोखंडी जाळीला हात टेकला होता, तिलाच त्या सूचनेत गार्ड म्हटलं होतं. शॉपवर तिला सगळे जाळी म्हणतात. मामांनी ती जाळी नसताना मशीन कधी चालवलंही नव्हतं. म्हणजे नियम त्यांना ठाऊक होता, पाळलाही जात होता. फक्त भिंतीवरचं वाक्य त्याच नियमाबद्दल आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कंपन्यांच्या इंग्रजी सूचनांचं मराठी करणं हे माझं रोजचं काम. तेव्हा हे वाक्य कुठून आलं असेल, ते मला लगेच कळलं. अशी वाक्यं निष्काळजीपणातून येत नाहीत. चांगली तपासून घेतलेली असतात, आणि खरी गोम त्या तपासणीतच आहे. मराठी मजकूर दुसऱ्या एका भाषांतरकाराकडे देतात. त्याने मूळ इंग्रजी पाहायचं नाही, समोरच्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं. ते मूळ इंग्रजीशी जुळलं की मराठी बरोबर, असं धरून सही होते. औषधांच्या संमतीपत्रांपासून यंत्रांच्या पुस्तिकांपर्यंत ही पद्धत वापरली जाते आणि ढोबळ चुका ती पकडतेही. पण "गार्ड जागेवर असल्याशिवाय" याचं उलट इंग्रजी केलं तर शब्दाला शब्द मूळ वाक्य परत येतं. मराठी जितकं इंग्रजीला चिकटलेलं, तितकी ही परीक्षा सोपी. याउलट "जाळी लावल्याशिवाय मशीन चालवू नका" असं लिहिलं की परत येताना गार्डची जाळी झालेली असते आणि तपासणारा त्यावर तांबडी खूण करतो. चांगल्या मराठीला नापास करून वाईट मराठीला पास करणारी ही परीक्षा आहे. सुरक्षेच्या पाटीसाठी तरी ती बंद करावी, असं माझं मत आहे.

त्याच पाटीवरची पुढची ओळ घेऊ, कारण तिच्यात नुसत्या एका शब्दापेक्षा जास्त बिघडलं होतं. मूळ इंग्रजी सूचनेचा आशय असा: अडकलेला माल काढण्यापूर्वी, साफसफाई किंवा दुरुस्तीपूर्वी सर्व ऊर्जास्रोत तोडावेत, कुलूप आणि टॅग लावावा, आणि यंत्रात ऊर्जा उरलेली नाही याची खात्री करावी. मराठीत झालं होतं: "अवरोध निर्मूलन, स्वच्छता अथवा देखभाल कार्यापूर्वी सर्व ऊर्जास्रोतांचे विलगीकरण करण्यात यावे व शून्य ऊर्जा अवस्थेची पडताळणी करण्यात यावी."

विलगीकरण हा शब्द २०२० सालानंतर घराघरांत पोहोचला, पण तो ताप आलेल्या माणसाला वेगळ्या खोलीत ठेवण्यासाठी. मशीन विलगीकरणात ठेवायचं म्हणजे त्याच्या जवळ जायचं नाही, असा अर्थ एका तरुण हेल्परने मला सांगितला. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो अगदी तर्कशुद्ध होता. "अवरोध निर्मूलन" तर कुणीच वाचलं नव्हतं. शॉपवर म्हणतात, जॉब अडकला. जॉब म्हणजे मशीनमध्ये घडत असलेला तुकडा. नोकरी किंवा काम या अर्थाने तिथे हा शब्द फार कमी वापरतात. त्यामुळे "जॉब सुरू करण्यापूर्वी" असं कुणी लिहिलं तर तेही वेगळंच वाचलं जातं.

पण सगळ्यांत घातक शब्द होता तो "ऊर्जास्रोत". ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्याचा एकच अर्थ येतो, वीज. इथे समोर कोणतं मशीन होतं ते सांगायला हवं. पायडलवर चालणारा, पिन क्लचचा जुना मेकॅनिकल पॉवर प्रेस. मोटर एक जड चाक फिरवत ठेवते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. पायडल दाबलं की क्लचची पिन चाकात अडकते, चाकाची ताकद रॅमला, म्हणजे वरच्या जड भागाला मिळते आणि रॅम खाली येऊन डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर आदळतो. मोटर बंद केली तरी हे चाक लगेच थांबत नाही. स्वतःच्या वजनाने ते काही वेळ फिरत राहतं. त्या वेळात पायडलवर चुकून पाय पडला किंवा त्यावर एखादा तुकडा घरंगळला, तर वीज नसतानाही रॅमचा एक ठोका पूर्ण बसू शकतो. बोटं जायला तेवढा एक ठोका पुरतो. शिवाय चाक थांबल्यावरही वर राहिलेला रॅम वजनदारच असतो. ब्रेक सैल असेल तर तो आपोआप खाली सरकतो. म्हणजे या मशीनमध्ये वीज, फिरतं चाक आणि वर लटकलेलं वजन अशा तीन गोष्टी आहेत. इंग्रजी सूचना लिहिणाऱ्या इंजिनिअरला "सर्व ऊर्जास्रोत" म्हणताना या तिन्ही दिसत होत्या. मराठी वाचणाऱ्याला त्यातली एकच दिसली.

मी मामांना म्हटलं, "ही ओळ वाचा आणि जॉब अडकलाय असं समजून जे कराल ते करून दाखवा." त्यांनी लाल बटण दाबलं, मोटरचा आवाज उतरला, आणि त्यांचा हात जाळीच्या खिट्टीकडे गेला. चाक अजून फिरत होतं. त्यांच्या दृष्टीने मशीन बंद होतं, आणि मराठीच्या दृष्टीनेही होतं. बटण दाबलेलं, मेन पाडलेला, बिघडलेलं, सुट्टीमुळे थांबलेलं, अशा सगळ्या मशीनला आपण "बंद" हा एकच शब्द लावतो. तेव्हा पाटीवर नुसतं "मशीन बंद करा" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं आहे. काय बंद करायचं आणि ते झालं हे डोळ्यांना कशावरून दिसेल, या दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतात.

मग ती ओळ मी मामांच्या आणि तिथल्या सेफ्टी ऑफिसरच्या सोबत, मशीनशेजारी उभं राहून पुन्हा लिहिली. ती अशी झाली:

जॉब अडकला तर
१. मशीन थांबवा. पायडलवरून पाय काढा.
२. मेन स्विच पाडा. त्याला तुमचे कुलूप लावा. चावी तुमच्या खिशात ठेवा.
३. मोठे चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबा. डोळ्यांनी पाहा.
४. स्टार्टचे बटण दाबून पाहा. मशीन सुरू होता कामा नये. सुरू झाले तर सुपरवायझरना बोलवा.
५. जाळी उघडा. लांब दांड्याचा ठोकळा रॅमखाली लावा.
६. जॉब चिमट्याने काढा. हात आत घालू नका.

इंग्रजीतलं एक वाक्य मराठीत सहा ओळींचं झालं. मूळ सूचनेत ना चाक होतं, ना ठोकळा, ना चिमटा. म्हणून मी याला भाषांतर म्हणत नाही. इंग्रजी वाक्य सगळ्या मशीनसाठी लिहिलेलं होतं, मराठी या एका प्रेससाठी आहे. शेजारच्या हायड्रॉलिक प्रेसला हीच पाटी लावली तर ती चुकीची ठरेल, कारण तिथे चाक नाही, तेलाचा दाब आहे. पाटी मशीनगणिक वेगळी असावी लागते. यात खर्च वाढतो हे खरं, आणि शंभर मशीन असलेल्या कारखान्यात हे एका दिवसात होत नाही. ज्या मशीनमध्ये हात जातो, तिथून सुरुवात करावी.

आता आदराकडे येते. "कामगारांना मान देणारी मराठी हवी" असं मला नेहमी सांगितलं जातं, आणि त्याचा अर्थ बहुतेकदा सुरुवातीला "कृपया" आणि शेवटी "ही नम्र विनंती" एवढाच असतो. पाटीवर कृपया लिहायला माझा ठाम विरोध आहे. "कृपया हात आत घालू नये" यात हात घालणं हे रांगेत पुढे घुसण्याइतकंच गैर वाटतं. तिथे विनंतीला जागाच नाही. दुसऱ्या टोकाला "करण्यात यावे" आहे. ते सभ्य वाटतं, कारण त्यात कुणालाच हुकूम दिलेला नसतो. पण म्हणूनच ते करायचं कुणी हेही त्यात नसतं. "वीजपुरवठा खंडित करण्यात यावा" वाचून ऑपरेटरला वाटतं इलेक्ट्रिशियन करेल, आणि इलेक्ट्रिशियनने ते वाचलेलंच नसतं. माणसाला टाळून त्याचा मान राखता येत नाही. "पाडा, लावा, ठेवा, पाहा" हे सरळ आज्ञार्थ आहेत, पण ते अहो-जाहोचे आहेत आणि मराठीत तेवढा मान पुरतो. घरातल्या मोठ्यांशी आपण असंच बोलतो.

"आपण" हा शब्द आदरार्थी म्हणून सुचवला जातो. तोही पाटीवर नको. मराठीत आपण म्हणजे समोरचा आणि आपण म्हणजे मी धरून सगळे, असे दोन अर्थ आहेत. भाषणात ही गंमत खपते, पण "आपण कुलूप लावावे" वाचून कुलूप एकाने लावायचं की सगळ्यांचं मिळून एक, हे कळत नाही. आणि इथे उत्तर अगदी पक्कं आहे. मशीनवर हात घालणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, आणि ज्यांनी लावलं त्यांनीच ते काढायचं. "तुम्ही" म्हटलं की हे स्वच्छ होतं. शिवाय "तुम्ही"ला बाई-पुरुष हा भेद नाही. "ज्या कामगाराने कुलूप लावले त्याने" असं लिहिलं की पॅकिंगमधल्या बायका ती पाटी आपली समजत नाहीत. "ज्यांनी लावले त्यांनीच काढा" यात मानही येतो आणि बायकाही येतात. व्याकरणाने फुकट दिलेली सोय आहे ती, वापरावी.

मराठी वाक्यरचनेची एक खोड पाटी लिहिणाऱ्याने कायम लक्षात ठेवावी. आपला नकार सगळ्यांत शेवटी येतो. इंग्रजी वाचणाऱ्याला पहिल्या शब्दालाच कळतं की काहीतरी करायचं नाही. मराठीत "चाक फिरत असताना, जॉब सरळ करण्यासाठी किंवा डाय पुसण्यासाठी हात आत घालू" इथपर्यंत परवानगीच वाटते, आणि मग "नका" येतं. एका ठिकाणी रंगाऱ्याने ओळ न मावल्यामुळे "नका" खाली ढकललेला मी पाहिला, आणि खालून हवेचा पाइप गेला होता. पाइपामागे "नका", आणि वर ठसठशीत अक्षरात "हात आत घालू". म्हणून नकाराची ओळ चार-पाच शब्दांची असावी आणि ती मोडता कामा नये, असं मी रंगाऱ्यालाच सांगते. त्याच कारणाने पाटीवर मी "तुमचं कुलूप" लिहीत नाही, "तुमचे कुलूप" लिहिते. एरवी मी बोलते तसं लिहिणारी आहे. पण तेल आणि धूळ बसली की डोक्यावरचा टिंब सगळ्यांत आधी जातो, आणि मात्रा टिकते.

इंग्रजी पाट्यांवर धोक्याच्या तीन पायऱ्या असतात. अमेरिकेच्या झेड ५३५ मानकांत डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, वॉर्निंग म्हणजे तशी होऊ शकते, आणि कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. मराठीत यांना धोका, इशारा, सावधान असे तीन शब्द नेमून देतात आणि पायऱ्या सांभाळल्याचं समाधान मिळवतात. वाचणाऱ्याच्या लेखी या तिघांत पायरी कुठेच नाही. "सावधान" तर शाळेच्या मैदानावरून इतका ओळखीचा आहे की त्याने माणूस ताठ उभा राहील, दचकणार नाही. मला वाटतं, तीन नामं शोधण्यापेक्षा काय होईल ते लिहावं. "बोटे तुटतील." "हात भाजेल." "पाय घसरेल." या तीन ओळींतली पायरी कुणालाही समजावून सांगावी लागत नाही.

यावर सेफ्टी ऑफिसर म्हणाले होते, "फार कठोर वाटतं." मला उलट वाटतं. त्यांच्याच पाटीच्या तळाशी "उल्लंघन करणाऱ्यांवर कडक शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल" असं होतं, आणि ते कुणाला कठोर वाटलं नव्हतं. बोटं जातील हे सांगणं म्हणजे माहिती देणं. कारवाई होईल हे सांगणं म्हणजे ज्याचं बोट जाणार त्यालाच आरोपी करणं. शिस्तीचे नियम स्थायी आदेशांत असतातच, ते मशीनवर कशाला हवेत? याचा परिणाम पाटीच्या शेवटच्या ओळीवर दिसतो. इंग्रजीत नियर मिस कळवा, असं असतं. इजा होता होता राहिली ती घटना. मराठीत मी याचं "निकट चूक" केलेलं वाचलं आहे. चूक म्हटल्यावर, आणि वरच्याच ओळीत कारवाईची धमकी असल्यावर, आपली चूक कोण लिहून देईल? आपल्याकडे यासाठी "थोडक्यात वाचलो" हा प्रयोग आहे. चहाच्या वेळी रोज कुणी ना कुणी तो करतंच. "थोडक्यात वाचलात? सुपरवायझरना सांगा. नाव लिहिले नाही तरी चालेल." एवढं पुरतं. अर्थात नाव न लिहिण्याचं वचन कंपनीने खरोखर पाळायचं असेल, तरच ते लिहावं.

या सगळ्याला कायदा विभागाची हरकत ठरलेली असते: मूळ मजकूर बदलता येणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये त्या कायद्याखाली लावायच्या सूचनांबद्दल म्हटलं होतं की त्या इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. शब्द "समजणाऱ्या" असा होता, आणि कारखान्यातल्या कोणत्याही पाटीला हीच कसोटी लावायला हवी, असं मी म्हणते. न समजणारी मराठी लिहून ती पूर्ण होत नाही. इंग्रजी मूळ फाइलमध्ये राहू द्या, शेजारी लावायचं तर तेही लावा, पण मराठी पाटीला तिचं स्वतःचं काम करू द्या. ज्या शॉपवर निम्मे लोक हिंदी किंवा आणखी कुठली भाषा बोलतात, तिथे या मराठीनेही भागणार नाही, हेही मान्य करायला हवं.

शुद्ध मराठीवाल्या मित्रांची हरकत वेगळी. "मेन पाडा", "जॉब", "पायडल" यांनी भाषा बिघडते, असं त्यांना वाटतं. पण "पाडा" हे क्रियापद मराठीच आहे आणि स्विचसाठी ते शॉपवरच्या माणसांनी स्वतः निवडलं आहे. "खंडित" ही निवड कचेरीतली. मला पहिली जास्त मराठी वाटते. मात्र सगळंच इंग्रजी ठेवायचं, या टोकालाही मी जात नाही. "लॉकआउट करा" यापेक्षा "कुलूप लावा" कधीही बरं, कारण लॉकआउट म्हटलं की जुन्या कामगारांना टाळेबंदी आठवते.

पाटी तयार झाली की "समजलं का?" असं विचारू नये. त्याला सगळे हो म्हणतात, त्यात भिडेचा भाग मोठा असतो. पाटी न लिहिलेल्या, शक्यतो नव्या माणसाला ती वाचायला द्यावी आणि करून दाखवायला सांगावं. आमच्या सहा ओळी एका नव्या हेल्परने वाचल्या. मेन पाडला, कुलूप लावलं, चाकाकडे पाहत उभा राहिला, बटण दाबून पाहिलं. मग ठोकळा शोधायला लागला. तो स्टोअरमध्ये होता, दुसऱ्या इमारतीत. पाटीत चूक नव्हती, पण ती पाळता येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी मशीनच्या अंगालाच हूक बसवून ठोकळा साखळीने टांगला, आणि मगच पाटी लागली.

पाटी लागण्याआधी मामांनी एक ओळ वाढवायला लावली. कुलपाची चावी लोक एकमेकांकडे देऊन जातात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. दुसऱ्या क्रमांकाखाली आता असं आहे: "चावी कुणालाही देऊ नका. चहाला जाताना सुद्धा." मुख्य कचेरीने मराठी पाटीचं इंग्रजी मागवलं तेव्हा ही ओळ गाळली गेली, कारण मूळ सूचनेत ती नव्हती.